वीज परत आली की नेट जातं? स्पॅनिंग ट्रीच्या या चुका टाळा

ऑफिस वाढलं की एक स्विच आणायचा, रिकाम्या पोर्टात केबल टोचायची, हिरवा दिवा लागला की काम झालं म्हणून निघायचं. ही घाई मी इतक्या ठिकाणी निस्तरलीय की आता लिहूनच टाकतो. स्विचांमध्ये जास्तीची केबल असली तरी लूप होऊ नये म्हणून स्विच एखादी वाट ब्लॉक करून ठेवतात, ती सोय म्हणजे स्पॅनिंग ट्री.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रूट स्विच, म्हणजे बाकीचे स्विच ज्याच्याकडे जाणारी वाट धरतात तो, कोण हे स्वतः न ठरवणं. तुम्ही नाही ठरवलं तर स्विच आपसात ठरवतात. ज्याची प्रायॉरिटी लहान तो रूट, पण सगळ्यांची मुळात ३२७६८ असते, बरोबरी झाली की ज्याचा मॅक ॲड्रेस लहान तो रूट, आणि लहान मॅक बऱ्याचदा सगळ्यात जुन्या स्विचचा निघतो.

पर्वरीतल्या एका ऑफिसात पावसाळ्यात हेच झालेलं. तळमजल्यावर चांगला गिगाबिट कोअर स्विच, त्याच्यावर सर्व्हर, तिथून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या स्विचला एकेक गिगाबिट केबल. जिन्याजवळच्या कपाटात मात्र एक जुना १०० एमबीपीएसवाला स्विच, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी ठेवलेला, यूपीएस नाही, आणि कोणीतरी "एक गेली तर दुसरी राहील" म्हणून त्याच्यातून दोन्ही मजल्यांना केबल ओढलेली. अकाउंट्सच्या मॅडम मला म्हणाल्या, "अहो, वीज जाते तेव्हा नेट जातं ते समजतं, पण वीज परत आली की पुन्हा का जातं?"

प्रश्न एकदम बरोबर होता. मी कोअरवर बघितलं:

```
show spanning-tree vlan 10
```

कोअर रूट असता तर `This bridge is the root` अशी ओळ दिसली असती. ती नव्हती, रूटचा मॅक त्या कपाटातल्या स्विचचा होता. म्हणजे दोन्ही मजले रूटकडे जायला १०० एमबीपीएसची वाट धरून बसलेले आणि कोअरने दुसऱ्या मजल्याची गिगाबिट केबल ब्लॉक केलेली, कारण रूटकडे जायला त्याला पहिल्या मजल्याची वाट पुरेशी होती. दुसऱ्या मजल्यावरून सर्व्हरकडे जाणारं सगळं आधी कपाटात, मग पहिल्या मजल्यावर, मग कोअरला. तिथे फाइल कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर जातच नव्हती, हीच खूण.

वीज गेली की यूपीएस नसलेला रूटच मेला, नवीन निवड झाली, जुन्या स्पॅनिंग ट्रीत त्याला ३० ते ५० सेकंद जातात. वीज आली, जुना स्विच बूट झाला, लहान मॅक घेऊन परत रूट झाला, की दुसरा मजला पुन्हा ३० सेकंद तुटला. मॅडमना दिसत होता तो हाच दुसरा झटका.

इलाज, संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर, कारण रूट बदलतानाही नेट तुटतं. कोअरवर:

```
spanning-tree vlan 10 priority 4096
```

जितके व्हीलॅन तितक्यांना हे लावायचं. पहिल्या मजल्याच्या स्विचला ८१९२ दिली, कोअर गेलाच तर पुढचा रूट कोण हेही ठरलेलं असावं. `root primary` लिहूनही होतं, पण ती कमांड त्या क्षणी बघून एक आकडा टाकते आणि विसरते, म्हणून मी आकडा हातानेच लिहितो. मग दुसऱ्या मजल्यावरून सर्व्हरला सतत पिंग लावून कपाटातल्या स्विचचा प्लग काढला, परत लावला. एकही पिंग चुकला नाही.

दुसरी चूक, सकाळी पीसी चालू केला की `169.254` ने सुरू होणारा पत्ता येतो आणि सगळे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला दोष देतात. खरं तर स्पॅनिंग ट्रीमुळे पोर्ट चालू होताना १५ सेकंद ऐकण्यात, १५ शिकण्यात घालवतो, तोवर पीसी पत्ता मागून थकतो. पीसीच्या पोर्टवर हे दोन्ही एकत्रच लावा:

```
spanning-tree portfast
spanning-tree bpduguard enable
```

दुसरी ओळ गाळू नका. टेबलाखाली कोणी छोटा स्विच आणून लूप केला की पोर्टफास्टवाला पोर्ट लगेच फॉरवर्ड करतो, गार्ड असेल तर स्पॅनिंग ट्रीचा निरोप, म्हणजे बीपीडीयू, दिसताच पोर्ट बंद पडतो. आणि पोर्टफास्ट नसेल तर पीसी चालू-बंद झाला तरी टोपॉलॉजी बदलली असं सगळीकडे कळवलं जातं, स्विच शिकलेले मॅक लवकर विसरतात आणि ट्रॅफिक सगळ्या पोर्टांवर सांडतो.

त्या ३० सेकंदांना कंटाळून स्पॅनिंग ट्रीच बंद करणारेही भेटतात. असं करू नका, एक चुकीची केबल अख्खं ऑफिस पाडते. वेळ वाचवायचा तर सगळे स्विच `rapid-pvst` या वेगवान स्पॅनिंग ट्रीवर न्या.

तरीही नेट अधूनमधून अडकत असेल तर `show spanning-tree detail` मध्ये शेवटचा बदल कधी आणि कोणत्या पोर्टवरून आला ते लिहिलेलं असतं. त्या पोर्टामागच्या स्विचवर जाऊन पुन्हा तेच बघायचं, असं करत करत त्रास देणाऱ्या सैल केबलपर्यंत पोचता येतं.