पार्लर काढताय? पॉलिसीतली वगळलेली कामं आधी वाचा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं पार्लर हाय, दोन खुर्च्या आणि एक बेसिन. शॉप अ‍ॅक्टचं ऑनलाइन केलं, आमच्यासारख्या एकदोन माणसांच्या दुकानाला नुसतं इंटिमेशन द्यायचं असतं, पावती आली आणि मला वाटलं झालं लायसन. तसं नसतं बरं का, ती फक्त धंद्याची नोंद, स्वच्छता कुणी तपासलेली नसते. महापालिकेत परवान्याचं वेगळं विचारून घ्या.

मग एजंटनं दुकानदारांची पॅकेज पॉलिसी दिली. आग, चोरी, वर पब्लिक लायबिलिटी. गिऱ्हाइकाला काही झालं तर कंपनी बघेल असं मी धरून चालले आणि तिथंच फसले.

एक वहिनी केसाला काळा कलर लावून गेल्या, दुसऱ्या दिवशी फोन, "अगं डोळे उघडेनात, कान नुसता खाजतोय." पॅच टेस्ट मी केलीच नव्हती, कारण त्या आधी दोनदा दुसरीकडं कलर लावून आलेल्या. पण काळ्या कलरमधल्या पीपीडी या केमिकलची अ‍ॅलर्जी आधी काही न होता नंतर कधीही उमटू शकते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. काळ्या मेंदीनं कधी फोड आले असतील तर अशा बाईला तो कलर लावूच नये.

डॉक्टरचे पैसे मी दिले. पॉलिसी काढून वाचली तर ओल्या फरशीवर घसरून पडलं तर कव्हर, पण आपण केलेल्या कामातून झालेली इजा वगळलेली. त्यासाठी ट्रीटमेंट लायबिलिटी किंवा प्रोफेशनल इन्डेम्निटी वेगळी मागावी लागते. ती मागितली तर त्यांनी कामांची यादी आणि प्रत्येकाचं सर्टिफिकेट विचारलं. माझं होतं ब्युटी थेरपिस्टचं, आणि हेअर ड्रेसर अँड स्टायलिस्ट हा जॉब रोलच वेगळा! कलर करायला मी मैत्रिणीकडं शिकलेली, कागद शून्य. असा अनुभव असणाऱ्यांसाठी आरपीएल असतं, म्हणजे आधी शिकलेल्या कामाचं सर्टिफिकेट, हाताचं काम तपासून परीक्षा घेतात, सगळा कोर्स परत करावा लागत नाही. मी तेच केलं, मग कलर यादीत घातला.

आता कानामागं नाहीतर कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा कलर, पाकिटावर लिहिलंय तसा लावून ४८ तास थांबते. वहीत तारीख, कंपनी, शेड आणि त्यांची सही. लग्नाच्या आदल्या दिवशी आलेल्या बायका चिडतात, चिडू देत. क्लेम झालाच तर ही वहीच दाखवायची.

आणि हो, २०१९ चा पूर आठवत असेल तर पॉलिसीत पुराचं कव्हर काढून तर टाकलं नाही ना बघा, प्रीमियम कमी दाखवायला काही जण ते काढतात.

वहिनी अजून येतात, पण फक्त थ्रेडिंगला.