मसुदा वाचायला देताना सोबत कोणते प्रश्न द्यावेत

पदव्युत्तर प्रबंधिकेचे तिसरे प्रकरण मी पहिल्यांदा एका ज्येष्ठ सहाध्यायीला वाचायला दिले, तेव्हा सोबत एवढेच लिहिले होते की, ‘कृपया वाचून अभिप्राय द्यावा.’ चार दिवसांनी २२ पाने लाल खुणांनी भरून परत आली. ‘परिक्षा’चे ‘परीक्षा’ झाले होते, लांब वाक्ये तोडली होती, दोन ठिकाणी अवतरणचिन्हे सुधारली होती. प्रकरणाचा मूळ दावा टिकतो की नाही, याविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. तेव्हा मला वाचणाऱ्याचा राग आला होता. आज तो दोष माझा होता असे वाटते. शुद्धलेखनाची चूक ज्या ओळीत असते त्याच ओळीत दिसते, पण युक्तिवादातील चूक पान ४ वरचे विधान आणि पान १७ वरचे कोष्टक एकत्र डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय सापडत नाही. काय शोधायचे हे सांगितलेले नसेल, तर वाचणारा हाताला लागेल ते दुरुस्त करतो.

माझा विषय साधा होता. एका वर्गाच्या दोन तुकड्यांपैकी ‘अ’ तुकडीत दर आठवड्याला १० मिनिटांची चाचणी घेतली, ‘ब’ तुकडीत त्या वेळात धड्याची उजळणी करून घेतली, आणि वार्षिक परीक्षेत ‘अ’ तुकडीची सरासरी ७ गुणांनी जास्त आली. मी लिहिले होते, ‘दर आठवड्याला चाचणी घेण्यात आली. त्यामुळे ‘अ’ तुकडीची कामगिरी सुधारली.’ सहाध्यायीने ही दोन वाक्ये जोडून एक केली, पण ‘त्यामुळे’ हा शब्द तसाच राहिला. सगळा वाद खरे तर त्या एका शब्दात होता, कारण माझ्या हातातील पुरावा फार तर ‘त्यानंतर’ एवढेच म्हणू देत होता.

दुसऱ्या खेपेला मी प्रश्न आधी तयार करायचे ठरवले, आणि ते तयार करताना प्रश्न सुचत नाहीत, मसुद्यातून काढावे लागतात, हे लक्षात आले. मी प्रत्येक परिच्छेदाच्या समासात त्याचा आशय एका वाक्यात लिहिला. मग मुख्य विधानांसाठी कागदावर तीन रकाने आखले: दावा, आधार आणि या आधारावरून तो दावा का निघतो हे सांगणारा दुवा. (तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे, त्यांच्या मांडणीतील इतर घटक या कामापुरते बाजूला ठेवले तरी चालतात.) पहिले दोन रकाने भराभर भरले. तिसरा रकाना पान १७ वरच्या कोष्टकाशी आल्यावर रिकामा राहिला, कारण दोन्ही तुकड्या सुरुवातीला सारख्याच होत्या, हे मी गृहीत धरले होते आणि कुठेही लिहिले नव्हते. जिथे दुवा लिहिताना हात अडखळतो, तिथे प्रश्न विचारायचा असतो.

तरीही माझे पहिले प्रश्न वाया गेले. ‘युक्तिवाद पटतो का?’ आणि ‘पुरावा पुरेसा आहे का?’ असे मी विचारले, आणि दोन्हींना ‘हो, चांगले जमले आहे’ असे उत्तर मिळाले. ज्या प्रश्नाला होकार देऊन सुटता येते, त्याला ओळखीचा माणूस होकारच देतो. उत्तरात मसुद्यातील एकाही परिच्छेदाचा किंवा कोष्टकाचा उल्लेख नसेल, तर वाचणाऱ्याला तो प्रश्न घेऊन मजकुराकडे परत जावेच लागले नाही, असे खुशाल समजावे.

शेवटी मी तीनच प्रश्न ठेवले. पहिला असा: ‘पान ४ ते ९ वाचून झाल्यावर मागे न पाहता, मी काय सिद्ध करू पाहत आहे असे आपल्याला वाटले, ते एका वाक्यात लिहावे.’ दुसरा असा: ‘पान १७ वरील ७ गुणांच्या फरकामागे चाचण्यांखेरीज आणखी कोणती कारणे असू शकतील? निदान दोन लिहावीत.’ आणि तिसरा असा: ‘कोणता पुरावा काढून टाकला तरी निष्कर्षाला धक्का लागणार नाही?’ दुसऱ्या प्रश्नात ‘तुकड्या सारख्या नव्हत्या असे वाटते का?’ असे मी मुद्दाम लिहिले नाही. आपली शंका आपणच सांगून टाकली, तर वाचणारा तिच्यावरच बोलतो आणि आपल्याला न सुचलेले कारण त्यालाही सुचत नाही. याच कारणाने पहिला प्रश्न मी मसुद्यासोबत दिला आणि बाकीचे दोन वेगळ्या कागदावर घडी घालून, वाचन झाल्यावर उघडण्यासाठी दिले. सोबत एक ओळ होती: ‘शुद्धलेखन शेवटी तपासणार आहे, आत्ता त्याकडे दुर्लक्ष करावे.’ ही ओळ नसती, तर लाल पेन पुन्हा वेलांट्यांकडेच वळले असते.

वाचायला दिले दोघांना, आणि तेही विचार करून. एक शिक्षणशास्त्राच्या अध्यापिका होत्या. दुसरा मित्र विषयाबाहेरचा होता. मित्राने पहिल्या प्रश्नाला उत्तर दिले, ‘वारंवार चाचण्या घेतल्या की कोणाचेही गुण वाढतात.’ असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नव्हता, पण पान ६ वर मी ‘या तुकडीतील विद्यार्थी’ असे न म्हणता नुसते ‘विद्यार्थी’ असे लिहिले होते आणि एका तुकडीचा दावा सगळ्या जगाचा होऊन बसला होता. अध्यापिकांनी दुसऱ्या प्रश्नाखाली दोन कारणे लिहिली: दोन्ही तुकड्यांचे शिक्षक वेगळे असणे, आणि ‘अ’ तुकडी मुळातच पुढे असणे. त्याखाली त्यांनी विचारले होते, ‘आदल्या वर्षीचे गुण पाहिलेत का?’ ते गुण माझ्याकडे होते. काढून पाहिले, तर ‘अ’ तुकडी आदल्या वर्षीही ५ गुणांनी पुढेच होती. म्हणजे ज्या ७ गुणांवर मी प्रकरण उभे केले होते, त्यांपैकी बहुतेक फरक चाचण्या सुरू होण्याआधीपासूनचा होता, आणि उरलेल्या २ गुणांवरून इतक्या लहान गटात काही ठाम म्हणणे धोक्याचे होते.

तिसऱ्या प्रश्नाला दोघांनीही विद्यार्थ्यांच्या मतांचा भाग दाखवला. ‘चाचण्या आवडल्या’ यावरून ‘चाचण्यांनी शिकणे सुधारले’ हे निघत नाही, म्हणून ती तीन पाने मी वगळली. पहिल्या खेपेला सर्वांत जास्त लाल खुणा त्याच पानांवर झाल्या होत्या.

मसुदा कोणत्या अवस्थेत द्यावा, यालाही महत्त्व आहे. वाक्येच लागत नसतील, तर वाचणारा भाषेतच अडकतो; उलट सुबक छापील रूपात दिला, तर मुद्दा हलवायला त्याला संकोच वाटतो. मी आता दुसरे लेखन झाल्यावर, समास मोठा ठेवून आणि परिच्छेदांना क्रमांक घालून मसुदा देते. नियतकालिकाकडे पाठवलेल्या लेखाच्या अनामिक परीक्षकाला मात्र असे प्रश्न विचारायची सहसा सोय नसते, म्हणून हे सगळे लेख पाठवण्याआधीच्या वाचकांबरोबर उरकावे लागते.

मान्य झालेल्या प्रबंधिकेत ते वाक्य आता असे आहे: ‘चाचण्या घेतलेल्या तुकडीची सरासरी ७ गुणांनी अधिक आढळली; तथापि, आदल्या वर्षीही दोन तुकड्यांत ५ गुणांचा फरक असल्याने हा फरक केवळ चाचण्यांचा परिणाम मानता येत नाही.’