गोळ्यावर जास्तीत जास्त प्रभार कसा भरावा, आणि तो कुठून गळतो ते कसं शोधावं

व्हॅन डी ग्राफ यंत्र फिरत्या पट्ट्यावरून प्रभार वर नेऊन धातूच्या पोकळ गोळ्यावर साठवतं. त्याचा पट्टा, मोटर, पाइप आणि वरचा गोळा कसा जोडायचा हे सांगणारे बरेच जण भेटतात. यंत्र तयार होतं, चालू होतं, आणि ठिणगी पडते जेमतेम नखाएवढी. मग सगळ्यांचा एकच सल्ला: "मोटर मोठी लावा." हा सल्ला ऐकू नका. गोळ्यावर किती प्रभार मावेल हे गोळ्याची त्रिज्या आणि भोवतीची हवा ठरवते. त्या मर्यादेच्या कितीतरी आधीच तो गळून जात असेल, तर गोळ्यावर कुठेतरी एखादं टोक आहे. म्हणून आधी मर्यादा काढायची आणि मग टोक शोधायचं. यंत्र जोडून तयार आहे असं मी धरून चालतो.

मर्यादा काढा

समुद्रसपाटीची कोरडी हवा दर मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट, म्हणजे सेंटीमीटरला ३० हजार व्होल्ट, इतकं विद्युतक्षेत्र सहन करते. वैश्विक किरणांमुळे आणि जमिनीतल्या किरणोत्सर्गामुळे हवेत नेहमीच थोडेफार मोकळे इलेक्ट्रॉन असतात. क्षेत्र या हद्दीपलीकडे गेलं की असा इलेक्ट्रॉन एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत भरपूर ऊर्जा कमावतो आणि रेणूतला आणखी एक इलेक्ट्रॉन बाहेर पाडतो. एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात आणि हवा वाहक बनते. गोळ्याच्या पृष्ठभागावरचं क्षेत्र या हद्दीला टेकलं की त्यावर आणखी प्रभार राहत नाही.

V म्हणजे गोळ्याचं व्होल्टेज, Q त्यावरचा प्रभार, E पृष्ठभागावरचं क्षेत्र, R गोळ्याची त्रिज्या आणि k कूलोमचा स्थिरांक:

V = E R
Q = E R² / k (k = ९ × १०⁹)

शाळेत बहुतेक २५ सेंटीमीटर व्यासाचा स्टीलचा गोळा असतो. त्रिज्या ०.१२५ मीटर धरली तर V येतो ३ लाख ७५ हजार व्होल्ट आणि Q येतो सुमारे ५.२ मायक्रोकूलोम. एक अँपिअरचा मोबाइल चार्जर एवढा प्रभार सेकंदाच्या जवळपास दोन लाखाव्या भागात पुढे सरकवतो. व्होल्टेज प्रचंड आणि प्रभार चिमूटभर, म्हणूनच बारीकशी गळतीसुद्धा इथे सगळा खेळ बिघडवते. त्रिज्या दुप्पट केली तर व्होल्टेज दुप्पट होतं आणि प्रभार चौपट. खर्च करायचाच असेल तर मोटरवर न करता गोळ्यावर करा.

हे ३० लाख २० अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला धरलेले आहेत. आमच्याकडे यवतमाळ-वर्ध्याच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर आहे. त्यामुळे हवा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते आणि हद्दही तेवढीच खाली येते. ३० च्या जागी २७ लाख धरा. त्याच गोळ्याला मग सुमारे ३ लाख ३७ हजार व्होल्ट आणि ४.७ मायक्रोकूलोम एवढीच मर्यादा मिळते.

पाइप कोरडा करा

पावसाळ्यात दमट हवेतून प्रभार निसटतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. हवेतली वाफ हवेची सहनशक्ती कमी करत नाही. गळती होते ती पाइपच्या आणि पट्ट्याच्या पृष्ठभागावर बसलेल्या पाण्याच्या पातळ थरातून. पाइप पुसून हेअर ड्रायरने गरम करा, पट्ट्यावरूनही गरम हवा फिरवा आणि खोलीतला कूलर बंद ठेवा. पाइप स्पिरिटने पुसला असेल तर त्याचा वास पूर्ण गेल्याशिवाय यंत्र चालू करू नका.

टोक शोधा

मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

टोकाशी हवा वाहक होऊन ठिणगीशिवाय प्रभार गळत राहतो, त्याला कोरोना म्हणतात. आधी तो कसा दिसतो ते ओळखायला शिका. शिवणाची सुई टोक बाहेर ठेवून धातूच्या चिकटपट्टीने गोळ्याच्या माथ्यावर चिकटवा, खोलीत गच्च अंधार करा आणि डोळे सरावेपर्यंत थांबा. यंत्र चालू केलं की सुईच्या टोकाशी निळसर जांभळा ठिपका किंवा बारीक झुपका दिसतो, एकसारखी फुसफुस ऐकू येते आणि ओझोनचा उग्र वास येतो. या अवस्थेत गोळा लांब ठिणगी देतच नाही. पट्ट्यावरून वर येणारा जवळपास सगळा प्रभार टोकाशी आयन झालेल्या हवेतून चुपचाप निघून जात असतो. हे एकदा पाहिलं की पुढे कान आपोआप तयार होतो. आमच्या वर्गातली पोरगी नुसतं दारात उभं राहून सांगायची, "सर, खालच्या अंगानं आवाज येऊन राहिला."

मग सुई काढा, यंत्र पुन्हा चालवा आणि हीच लक्षणं गोळ्यावर शोधा.

कुठलं टोक नडतं आणि कुठलं नाही, याचा नियम नीट समजून घ्या. पाठ्यपुस्तकात मोठा गोळा आणि लहान गोळा तारेने जोडून दाखवतात आणि लहान गोळ्यावरचं क्षेत्र त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढतं असं सांगतात. लांब तारेच्या टोकावरच्या लहान गोळ्यासाठी ते बरोबर आहे. पृष्ठभागावरच्या उंचवट्याला तो हिशेब लावू नका. सपाट धातूवर अर्धगोल पुटकुळी असेल तर तिच्या माथ्यावरचं क्षेत्र भोवतीच्या तिप्पट होतं, मग ती पुटकुळी केवढीही असो. उलट उभं, निमुळतं टोक असेल तर उंची आणि टोकाची त्रिज्या यांचं गुणोत्तर बघावं लागतं, आणि हे गुणोत्तर सहज शेकड्यांत जातं. म्हणजे वेल्डिंगचा गुळगुळीत थेंब परवडतो, पण त्याच्यावर उभं राहिलेलं धातूचं कुसळ परवडत नाही.

अगदी लहान उंचवट्यांना आणखी एक सूट मिळते. इलेक्ट्रॉनांची संख्या भरपूर वाढायला जोरदार क्षेत्र थोड्या अंतरापर्यंत तरी पसरलेलं लागतं, आणि लहान उंचवट्याभोवती ते लगेच विरतं. त्यामुळे केसाच्या जाडीपेक्षा बुटक्या खडबडीतपणामागे लागून गोळा आरशासारखा घासत बसायची गरज नाही. ओरखडाही आत गेलेला असतो, तो फारसा नडत नाही. नडते ती ओरखड्याच्या कडेला वर आलेली धार. बोटाभोवती नायलॉनचा मोजा घालून गोळ्यावरून फिरवा. मोजा जिथे अडकेल तिथे बारीक पॉलिश पेपर मारा.

आता ठरलेल्या जागा. पहिली जागा म्हणजे दोन वाडगे जोडून गोळा केला असेल तर मधली कड. ती बाहेर आलेली असते आणि तिची वळण त्रिज्या फार तर एक-दोन मिलिमीटर असते. इथे लोक इन्सुलेशन टेप गुंडाळतात. टेपने कडेची त्रिज्या जवळपास तेवढीच राहते, म्हणून टेपबाहेरच्या हवेतलं क्षेत्र कमी होत नाही आणि गळती चालूच राहते. कडा कापून घ्या, तालुक्याच्या गावी स्टीलच्या रेलिंगचं काम करणाऱ्याकडून आर्गन वेल्डिंग करून घ्या आणि शिवणीवर बफ मारायला सांगा.

दुसरी जागा खालचं भोक, जिथून पाइप आणि पट्टा आत जातो. भोक कापल्यावर राहिलेली धार बाहेरच्या क्षेत्रात उघडी पडते. तिला आत वळवलं की काम झालं, कारण बंद धातूच्या पोटात क्षेत्र जवळपास शून्य असतं आणि तिथे कितीही धारदार कड चालते. वळवता येत नसेल तर बोटाएवढ्या जाड तांब्याच्या नळीचं कडं करून भोकाभोवती धातूला धातू टेकेल असं बसवा. स्क्रूची टोकंही याच कारणाने गोळ्याच्या आतच राहू द्या.

तिसरी जागा आमच्याकडची खास. प्रयोगाला उत्तम काळ डिसेंबर-जानेवारी, हवा कोरडी आणि थंड असते. पण तेच दिवस कापूस वेचणीचे. मुलांच्या कपड्यांवर, खिडकीच्या गजांवर, सगळीकडे तंतू असतात आणि प्रभारित गोळा ते स्वतःकडे ओढून घेतो. विजेरी गोळ्याला घासून आडवी धरा. तंतू पृष्ठभागावर ताठ उभा दिसेल, एक टोक स्टीलला चिकटलेलं आणि दुसरं हवेत. कापसाचा तंतू दोन-तीन सेंटीमीटर लांब आणि मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा जाड असतो, आणि त्यात मुरलेला ओलावा इतक्या व्होल्टेजला वाहक म्हणून पुरतो. म्हणजे ती सुईच झाली. दर वेळी चालवण्याआधी जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्याने गोळा पुसा. सुती फडका मुळीच वापरू नका.

गोळ्यावर काहीच सापडलं नाही तर समोर बघा. भिंतीतला खिळा, पंख्याचं पातं, टेबलाचा लोखंडी कोपरा, किंवा जवळ उभ्या असलेल्या पोराचे केस, यांतलं कुठलंही टोक गोळ्याकडे रोखलेलं असेल तर कोरोना त्या बाजूने सुरू होतो. गोळ्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा.

मोजा

गोळ्याएवढ्याच आकाराचा दुसरा गुळगुळीत गोळा जमिनीशी जोडा, लाकडी दांड्याने हळूहळू जवळ आणा आणि पहिली ठिणगी पडेल ते अंतर मोजा. एक-दोन सेंटीमीटरपर्यंत सेंटीमीटरला ३० हजार व्होल्ट हा हिशेब चालतो. त्यापुढे दोन गोळ्यांमधलं क्षेत्र सगळीकडे सारखं राहत नाही, म्हणून खरं व्होल्टेज या पाढ्यापेक्षा थोडं कमी असतं. मिळालेल्या व्होल्टेजला त्रिज्येने गुणून k ने भागलं की त्या क्षणी गोळ्यावर असलेला प्रभार साधारण कळतो. सुई लावून आणि काढून हे अंतर दोन्ही वेळा घ्या.

भोक आणि पट्टा असलेल्या गोळ्याला पूर्ण मर्यादा गाठता येत नाही. अर्धी गाठली तरी गोळा चांगला जमला असं मी मानतो. ठिणगी मध्येच आखूड झाली तर मोटरला हात लावू नका, आधी विजेरी आडवी धरून तंतू बघा.

पूर्ण भरलेल्या या गोळ्यात सुमारे एक ज्यूल ऊर्जा असते. झटका सणसणीत बसतो, म्हणून हात लावण्याआधी जमिनीशी जोडलेला दांडा टेकवून गोळा रिकामा करा. पेसमेकर असलेल्या माणसाला खोलीत येऊ देऊ नका, आणि प्रभार साठवणारी लायडनची बरणी या यंत्राला मुलांसमोर कधीच जोडू नका.