फिटनेस सर्टिफिकेटवरचं बीपी बदलून मिळणार नाही, पण ही तयारी करता येईल

नोकरीआधीच्या तपासणीत बीपी 156/98 आलं, रुजू व्हायची तारीख चार दिवसांवर आहे, आणि कुणीतरी सुचवतं, “डॉक्टर, तेवढं 128/82 लिहून द्या ना.” अशी सर्टिफिकेटं देणारा डॉक्टर म्हणून सांगतो, हे मी करत नाही. घरी पीडीएफमधला आकडा कुणी बदलला आणि कंपनीने विचारलं, तर माझ्या नोंदवहीत आहे तोच आकडा मी सांगतो. खोटा कागद पकडला गेला की मुद्दा बीपीचा राहत नाही, फसवणुकीचा होतो. वाढलेल्या बीपीवर उपचार करून नोकरी करता येते. खोट्या कागदावर मिळालेली नोकरी मात्र पुढे कधीही जाऊ शकते.

म्हणून आधी तो आकडा खरा आहे का ते पाहा. पहिलंच माप वाढलेलं येण्याची कारणं पुष्कळ असतात आणि त्यांतली बरीच टाळता येतात. तपासणीआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पायावर पाय टाकू नका. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला हवा, आणि माप चालू असताना बोलायचं नाही. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लाजू नका. लहान पट्ट्याने बीपी खोटं वाढलेलं दिसतं, आणि गर्दीच्या तपासणी शिबिरात एकच पट्टा सगळ्यांना लावला जातो हे मी पाहिलं आहे. सर्दीची नाक मोकळं करणारी गोळी किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण दोन्हींनी बीपी चढू शकतं.

हे सगळं सांभाळून एक-दोन मिनिटांच्या अंतराने पुन्हा मोजायला सांगा. क्रेन चालवायच्या कामासाठी आलेल्या एखाद्याचं 156/98 मोठ्या पट्ट्याने आणि विश्रांतीनंतर 146/92 येतं, असं समजू. उतरलं, पण दवाखान्यातल्या 140/90 या मर्यादेच्या वरच राहिलं. आता घरचं माप उपयोगी पडतं. दंडावर बांधायचं, प्रमाणित यंत्र घ्या. सात दिवस सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी दोनदा मोजा आणि प्रत्येक आकडा वेळेसह लिहा, आवडला नाही तोसुद्धा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मापाची मर्यादा थोडी खाली, 135/85 आहे. सरासरी 129/81 आली तर दवाखान्यात येण्याच्या ताणाने बीपी चढत असण्याची शक्यता मोठी. मग डॉक्टर सर्टिफिकेटवर दोन्ही मापं लिहू शकतात किंवा 24 तासांचं मापन करून खात्री करून घेऊ शकतात.

सरासरी 148/94 आली तर मात्र बीपी खरंच वाढलेलं आहे, आणि ते आत्ताच कळलं हे बरं झालं. उपचार सुरू करा. क्रेन, उंचीवरचं काम, जड वाहन अशा कामांत एकाला आलेली चक्कर किंवा झटका खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून तिथे डॉक्टर ‘तात्पुरते अयोग्य, पुन्हा तपासणी’ लिहू शकतात. तो शेरा कायमचा नसतो. गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात; तोवर मापांची वही ठेवा. टेबलावरच्या कामाला एवढ्या बीपीने बहुधा अडत नाही. ‘योग्य, उपचार आणि पाठपुरावा आवश्यक’ असं लिहिलं जाऊ शकतं. कोणत्या कामासाठी तपासणी आहे ते डॉक्टरांना आधीच सांगा.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. आदल्या रात्री दुसऱ्या कुणाची बीपीची गोळी घेऊन येऊ नका. बीपी एकदम पडून चक्कर येऊ शकते, आणि त्या गोळीचा तुमच्या किडनीवर किंवा पोटॅशियमवर काय परिणाम होईल ते आधी तपासलेलं नसतं. स्वतःची चालू गोळी ‘लपवायची’ म्हणून बंदही करू नका. गोळीने ताब्यात असलेलं बीपी हीच तुमची जमेची बाजू आहे. जुनी चिठ्ठी सोबत आणा.

कागदावर खरोखर चूक झाली असेल, दुसऱ्याचा आकडा तुमच्या नावापुढे पडला असेल, तर मूळ नोंदीशी पडताळून डॉक्टर दुरुस्ती करतात, आणि तिथे सही व तारीख घालतात. ही मागणी बिनधास्त करा.

आणि कंपनीला आजच कळवा. एवढं पुरेल: “वैद्यकीय तपासणीत एका मापाची पुन्हा तपासणी सुचवली आहे. अहवाल दहा दिवसांत देतो. रुजू होण्याची तारीख पुढे घेता येईल का, किंवा तोवर दुसऱ्या कामावर घेता येईल का?” नेमकं कोणतं माप ते पत्रात लिहायची गरज नाही, सोबत डॉक्टरांची पुनर्तपासणीची तारीख असलेली चिठ्ठी जोडा.