जकात काढताना निसाब वजा करू नका

निसाब म्हणजे जकात, अर्थात इस्लाममधले अनिवार्य दान, लागू होण्याची किमान मर्यादा: ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदीची किंमत. जकात सधनांकडून घेऊन गरिबांना द्यायची असते. जो स्वतःच गरजू, त्याच्यावर ती लादू नये म्हणून ही मर्यादा आहे. ती करमुक्त सूट नव्हे. निसाब ओलांडून चांद्र वर्ष सरले की पूर्ण रकमेवर अडीच टक्के.

समजा, बचत २,००,०००, सोने ३,००,०००, विक्रीचा माल १,५०,००० आणि आता देय कर्ज ५०,०००. उरले ६,००,०००, जकात १५,०००.

माल आजच्या विक्रीभावाने मोजा, खरेदीच्या नव्हे. दुकानातली कपाटे, तराजू धरू नका. वापरातले दागिने इस्लामी कायद्याच्या हनफी पंथाच्या मतानुसार धरतात, शाफई पंथाच्या मतानुसार नाही. सोने, रोख, माल एकत्र असल्यास हनफी आलिम सहसा चांदीचाच निसाब लावतात.