पाटीवर नाव उठवायच्या आधीची तयारी

आखाजीला चोपड्याच्या मावशीच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि फाटकाच्या खांबावर लावायची नावाची पाटी मी छापून नेली होती. घराचं नाव ‘मुक्ताई कृपा’. मावशीने पाटी हातात घेतली, उन्हाकडे तिरकी धरली आणि विचारलं, “हाई काय लिखेल शे?” पाटीवर ‘मुक्ताई कपा’ असं होतं. कृ च्या खालची ती वळणदार शेपटी छापलीच गेली नव्हती. मावशी काही बोलली नाही, पाटी देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिली. मला मात्र ते फार लागलं. ही यादी तेव्हाचीच आहे. थ्रीडी प्रिंटरवर देवनागरी नाव छापणाऱ्या कुणावरही अशी वेळ येऊ नये.

पहिलं काम जागा मोजण्याचं. गवंड्याने गिलाव्यात पाटीसाठी खाच सोडली असेल तर पट्टी घेऊन तिथे जा आणि स्वतः मोजा, फोनवर विचारू नका. मी फोनवर विचारलं, अंदाजाने १८० मिलिमीटरची पाटी केली, आणि आदल्या रात्री कळलं की खाच १२० चीच आहे. मग स्लायसरमध्ये मॉडेल सरळ ६५ टक्क्यांवर आणलं. पाटी ११७ ची झाली, खाचेत बसणार होती, म्हणून मी निर्धास्त झालो. चूक तिथेच झाली.

पाटी लहान करताना अक्षराची रेघही तेवढीच बारीक होते. माझा फॉन्ट कलमी वळणाचा होता, उभ्या रेघा जाड आणि शेपट्या निमुळत्या. मूळ मापात ऋकाराची रेघ ०.६ मिलिमीटर होती. ६५ टक्क्यांवर ती ०.३९ झाली. नोझल ०.४ चं, त्यातून पडणारी रेघ साधारण ०.४५ ची. त्याहून बारीक जागेत एक रेघही मावत नाही असं ठरवून स्लायसरने तो भाग सोडून दिला आणि सांगितलंही नाही. मॉडेलच्या चित्रात शेपटी व्यवस्थित दिसत होती, कारण ते चित्र मॉडेलचं होतं, छपाईचं नव्हतं.

म्हणून शेवटचं माप ठरल्यावर, स्लाइस केल्यावर, लेयर प्रिव्ह्यू उघडा आणि अक्षरांचे थर एकेक करून बघा. माप पुन्हा बदललं तर पुन्हा बघा. एका टक्क्याने बदललं तरी बघा.

फॉन्ट जाडच घ्या. नोटो सॅन्स देवनागरी बोल्ड मला पुरतो. ओपनस्कॅडमध्ये `script` सांगून ठेवा आणि जोडाक्षर जुळलंय का तपासा. ‘मुक्ताई’मधला क् आणि त सुटे, मध्ये हलन्त, असे दिसले तर फॉन्ट सापडलेला नाही किंवा लिपी कळलेली नाही. मित्राच्या संगणकावर फाइल उघडताना हे हमखास होतं, कारण तिथे तो फॉन्टच नसतो.

रेघ पुरेशी जाड आहे का, हे नजरेने ठरवू नका. अक्षर सगळीकडून ०.४५ ने आत ओढायचं आणि परत तेवढंच फुगवायचं. ०.९ पेक्षा, म्हणजे दोन रेघांपेक्षा, बारीक असलेला भाग आत ओढतानाच नाहीसा होतो, तो फुगवल्यावर परत येत नाही. मूळ अक्षरातून हे वजा केलं की धोक्याच्या जागा तेवढ्या उरतात:

```
module naav() text("मुक्ताई कृपा", size=14,
  font="Noto Sans Devanagari:style=Bold",
  script="devanagari", language="mr",
  halign="center", valign="center");

difference() {
  naav();
  offset(r=0.45) offset(r=-0.45) naav();
}
```

F6 दाबून बघा. कोपऱ्यांवर बारीक टिकल्या उरतील, त्या सोडून द्या, गोलाईमुळे त्या राहतातच. पण अख्खी शेपटी, अख्खा उकार किंवा अनुस्वाराचा ठिपका उरलेला दिसला तर तो छापताना जाणार किंवा नखाने निघणार. मग `offset(r=0.15)` देऊन अक्षर जाड करा, रेघ ०.३ ने वाढते. फार वाढवलं तर क चं पोट बुजतं, तेही बघा. जुन्या फाइलवर मी हे नंतर करून पाहिलं तेव्हा ऋकार पूर्णच्या पूर्ण समोर उभा राहिला. दोन मिनिटांचं काम होतं.

उठावाची अक्षरं की कोरलेली, हे आधी ठरवा, कारण कोरलेल्यात हिशेब उलटा होतो. तिथे अक्षर म्हणजे खड्डा, आणि बारीक भिंत असते ती अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागांची, म्हणजे क च्या पोटाची किंवा त आणि कान्याच्या मधल्या फटीची. त्यामुळे मोकळी जागाही ०.९ ची हवी. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात जी धूळ उडते ती खाचेत बसते आणि काळ्या अक्षरांचं मातकट होतं. फाटकावर उठावाचीच बरी.

उठावाचं अक्षर पाटीच्या पृष्ठावर नुसतं टेकवू नका, १ मिलिमीटर आत रुतवा. पाटी ४ ची असेल तर अक्षर ३ वर सुरू करून २.२ उंच करा, वर १.२ दिसेल. नुसतं टेकलेलं असलं तर कधी जोड लागतो, कधी दोन वेगळे तुकडे राहतात. कोरताना अक्षराचा ठोकळा पाटीच्या वर १ मिलिमीटर बाहेर काढा, नाहीतर वरचे पृष्ठ एकाच पातळीत येऊन खाचेवर पापुद्रा दिसतो. उंची थराच्या पटीत ठेवा. ०.२ चा थर असेल तर १.२ म्हणजे सहा थर. मी पाटी ६५ टक्क्यांवर आणली तेव्हा उंचीही तेवढीच घटली, १.२ चं ०.७८ झालं. म्हणजे लहान करायचं तर स्लायसरमध्ये टक्के फिरवू नका, मॉडेलमध्येच माप बदला. आणि मग, पुन्हा सांगतो, लेयर प्रिव्ह्यू.

पीएलए वापरू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतात, पश्चिमेच्या भिंतीवरची गडद पाटी त्याहून खूप तापते. पीईटीजी घ्या, एएसए मिळालं तर आणखी चांगलं.

पाटी आडवी, अक्षरं वर. स्क्रूची भोकं मॉडेलमध्येच द्या. अक्षरांचा रंग बदलायचा तर ४ मिलिमीटरवर थांबवा, फिलामेंट बदला.

छापायच्या आधी नाव कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मॉडेलवरून नाही, लेयर प्रिव्ह्यूवरून. दुसरी पाटी मी मावशीलाच फोनवर त्या थरांचा फोटो पाठवून वाचायला लावली, आणि तिने ‘कृपा’ वाचल्यावरच प्रिंट सुरू केलं.