नवीन देशातलं पहिलं वर्ष: बजेट किती ठरवलं, गेलं किती

वर्ष संपत आलं की इथे नवीन आलेल्यांचा ठरलेला प्रश्न येतो, बजेटपेक्षा नऊ टक्के जास्त गेले, आता काय कापू? माझं उत्तर असं की आधी काही कापू नका, तो नऊ टक्क्यांचा आकडा फोडून बघा, कारण पहिल्या वर्षाच्या एकूण टक्केवारीत नेहमीचा खर्च आणि बस्तान बसवण्याचा खर्च एकत्र मिसळलेला असतो.

शीट साधंच ठेवा. खर्चाचं हेड, ठरवलेले, झालेले, फरक आणि फरकाचा टक्का. टक्का नेहमी ठरवलेल्या रकमेवर काढायचा. जे हेड बजेटमध्ये धरलंच नव्हतं तिथे शून्याने भागाकार होऊन एरर येतो, म्हणून फॉर्म्युला असा:

```
=IF(B2=0,"",(C2-B2)/B2)
```

आणि सगळं एकाच चलनात, ज्यात पगार येतो त्यात. गावाकडच्या चलनात बदलून लिहिलंत तर रेट हलला की न वाढलेलं भाडंसुद्धा वाढलेलं दिसतं. वर्ष पण जानेवारीपासून नाही, ज्या महिन्यात आलात तिथून बारा महिने धरा.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. भाडं ठरवलं १४,४००, गेलं १४,७००. किराणा ४,८०० चा ५,०४०. वीज १,८०० ची २,३४०. प्रवास १,५०० धरला होता, झाला १,२००. घरी पाठवायचे ३,६०० होते, गेले ३,७८०. आणि घर लावायला, म्हणजे गाद्या, भांडी, टेबल वगैरे, १,००० धरले होते ते २,५०० झाले. बेरीज २७,१०० ची २९,५६०, फरक २,४६०, म्हणजे ९.१ टक्के. पण घर लावणं बाजूला काढा, मग २६,१०० चे २७,०६० झालेत, फरक फक्त ३.७ टक्के! गाद्या काय दरवर्षी घेणार नाही आपण, त्यामुळे पुढच्या वर्षासाठी कामाचा आकडा हा दुसरा. एकदाच होणारा खर्च पहिल्या दिवसापासून वेगळ्या हेडखाली टाका, नंतर स्टेटमेंट चाळून वेगळा काढणं फार कंटाळवाणं काम आहे.

घराचं डिपॉझिट तर खर्चात धरूच नका, ते परत यायचं असतं. वरच्या उदाहरणात १,२०० चं डिपॉझिट भाड्यात घातलं तर भाड्याचा फरक २.१ वरून थेट १०.४ टक्के होतो आणि उगाच घरमालक महाग वाटायला लागतो. घर सोडताना त्यातून काही कापलं गेलं तर तेवढंच त्या वर्षीच्या खर्चात लिहा.

विजेचा फरक ३० टक्के, तो बघून लगेच घरात दिवे बंद करायची मोहीम सुरू होते, पण बिलावर युनिट आणि दर दोन्ही असतात ते आधी बघा. समजा वर्षाला ३,००० युनिट ०.६० दराने धरली होती आणि प्रत्यक्षात ३,२५० युनिट ०.७२ दराने गेली. जास्तीची २५० युनिट जुन्या दराने म्हणजे १५०, आणि दर ०.१२ ने वाढला तो ३,२५० युनिटवर म्हणजे ३९०. एकूण ५४०, त्यातले आपल्या वापरामुळे फक्त १५०. बाकीचं दिवे बंद करून कमी होणार नाही, त्यासाठी पुढच्या बजेटमध्ये दरच नवीन धरावा लागेल नाहीतर स्वस्त प्लॅन शोधावा लागेल. घरी पाठवायच्या पैशांनाही हेच गणित लावा, तिकडे ठरलेली रक्कम तीच राहिली तरी रेट पडला की इकडून जास्त जातात. पाठवण्याची फी वेगळी लिहा, नाहीतर रेटचा आणि फीचा फरक वेगळा कळतच नाही.

उणे फरक दिसला की लोक खुश होतात, मी मात्र तिथे जास्त बारकाईने बघते. प्रवास २० टक्क्यांनी कमी झाला तो खरंच फिरणं कमी झालं म्हणून, की ऑफिसचा पास पगारातून कापला जातोय आणि शीटमध्ये आलाच नाही? पगाराच्या स्लिपवरची कपातीची यादी बघितली की लगेच कळतं. तसंच कार्डवर घेतलेली वस्तू ज्या दिवशी घेतली त्या तारखेला लिहा, कार्डचं बिल भरलं तेव्हा परत लिहू नका, तिथे दुप्पट मोजलं जातं.

महिन्याच्या टक्क्यांनी घाबरू नका. वर्षाचा विमा ६०० महिन्याला ५० असा धरला आणि एकदम भरला तर त्या महिन्यात अकराशे टक्के जास्त दिसतात, उरलेले अकरा महिने उणे शंभर, वर्षअखेर फरक शून्य. म्हणून मी वर्षाच्या फरकावर टक्का आणि रक्कम दोन्हीची अट लावते, दहा टक्क्यांवर आणि शिवाय २०० च्या वर फरक असेल तरच ती ओळ तपासायची. वरच्या शीटमध्ये त्या अटीत तीनच हेड उरतात, वीज, प्रवास आणि घर लावणं. फक्त भाड्यासारख्या मोठ्या हेडला दहा टक्क्यांची अट ढिली पडते, तिथे दोन टक्के म्हणजेच जवळपास ३०० होतात, तेवढ्या एका ओळीला मी फक्त रकमेची अट ठेवलीय.